कर्मचाऱ्याचं स्टेटस आणि कंपनीचं नाव: छोट्या कंपनीसाठी सोशल मीडियाचे नियम कसे लिहायचे

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि शहरातल्या छोट्या सेवा कंपन्यांत मी एचआर सल्लागार म्हणून काम करतो. ‘सोशल मीडिया पॉलिसी करून द्या’ म्हणून फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी घडून गेलेलं असतं. मालकाने गुगलवरून एखाद्या मोठ्या आयटी कंपनीची पंधरा पानी पॉलिसी उतरवून घेतलेली असते, तिच्यावर लोगो बदललेला असतो, आणि ती फाइलमध्ये पडून असते. तिच्यात ट्विटर हँडल, ब्रँड व्हॉइस, मीडिया रिलेशन्स सगळं असतं. नसतं ते फक्त व्हॉट्सअॅप स्टेटस. आपल्याकडच्या छोट्या कंपनीचा घोटाळा मात्र नेमका तिथेच होतो.

समजण्यासाठी एक कल्पित कंपनी घेऊ. इंदिरानगरला ऑफिस, घरांच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवून देण्याचं काम, चोवीस माणसं. त्यात निम्मे टेक्निशियन, बाकी सेल्स, टेलिकॉलर, अकाउंट्स, स्टोअर आणि दोन ड्रायव्हर. मालक आणि त्यांची पत्नी दोघंही कामात. पुढे जे सांगतो ते याच कंपनीवर लावून बघू.

आधी जोड शोधा, नियम नंतर

कर्मचाऱ्याचं मत हे कर्मचाऱ्याचंच असतं. ते कंपनीच्या अंगावर येतं ते मधल्या एखाद्या जोडामुळे. म्हणून कागदाला हात लावण्याआधी एक दुपार काढा आणि आपल्या माणसांची खासगी ओळख कंपनीच्या नावाला कुठे कुठे चिकटलेली आहे याची यादी करा. ही यादी लोकांना विचारून करायची. त्यांची प्रोफाइलं गुपचूप चाळून केलीत तर नियम यायच्या आधीच विश्वास जाईल.

आपल्या सोलर कंपनीत काय निघतं बघा. टेक्निशियनच्या डीपीत कंपनीचा निळा टी-शर्ट आहे. दोघांनी फेसबुकवर कंपनीचं नाव नोकरीच्या रकान्यात लिहिलंय. ड्रायव्हरने गाडीसमोर रील केलंय, मागे कंपनीचं नाव आणि फोन नंबर स्वच्छ वाचता येतो. सेल्सचा मुलगा स्वतःच्याच नंबरवरून चार सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये आहे, कारण काम मिळवायला मालकानेच त्याला तिथे शिरायला सांगितलं होतं.

सगळ्यात मोठा जोड मात्र दिसत नाही. टेक्निशियन ग्राहकाला स्वतःचा नंबर देतो. ग्राहक तो ‘सोलरवाले’ म्हणून सेव्ह करतो, टेक्निशियन ग्राहकाचा नंबर ‘पाथर्डी फाटा ३ किलोवॅट’ म्हणून सेव्ह करतो. व्हॉट्सअॅपवर स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह असावे लागतात, आणि इथे ते असतातच. दोन वर्षं काम केलेल्या टेक्निशियनच्या फोनमध्ये असे दीड-दोनशे ग्राहक सहज जमतात. तो मित्रांसाठी म्हणून जे स्टेटस टाकतो, ते कंपनीचे दीडशे ग्राहक बघतात. डीपीत टी-शर्ट नसला तरी त्यांच्या लेखी तो ‘सोलरवाले’च असतो.

हा जोड नियमाने तुटत नाही, कंपनीच्या सिमने तुटतो. टेक्निशियनला कंपनीचा नंबर द्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस ठेवा आणि ग्राहकांशी बोलणं त्याच नंबरवरून करा. पॉलिसीवर जेवढा वेळ आणि वकिलाची फी जाते, तेवढ्यात कितीतरी महिन्यांची रिचार्जं निघतात. ज्यांना लगेच सिम देणं जमणार नाही, त्यांना निदान स्टेटसची सेटिंग दाखवा: व्हॉट्सअॅपच्या Settings मध्ये Privacy, तिथे Status, आणि मग My contacts except... निवडून ग्राहकांचे नंबर वगळायचे, किंवा Only share with... निवडून फक्त घरचे आणि मित्र ठेवायचे. दुसरा पर्याय बरा, कारण नवा ग्राहक आला की पहिल्यात त्याला आठवणीने वगळावं लागतं आणि ते कोणी करत नाही. फोन त्याचा स्वतःचा आहे, तेव्हा ही सेटिंग त्याच्याच हाताने करून घ्यायची. फोन काढून घेऊन बसू नका.

मत नको, की मताला कंपनीचं नाव नको?

पॉलिसी लिहिताना बहुतेक मालकांच्या तोंडून पहिलं वाक्य असं निघतं: “राजकारण-बिजकारण काही टाकायचंच नाही म्हणावं.” हे लिहू नका. एक तर कोणी पाळणार नाही. महापालिकेच्या निवडणुकीत निम्म्या लोकांचा कोणी ना कोणी नातेवाईक वॉर्डात उभा असतो. दुसरं म्हणजे, न पाळला जाणारा नियम पुढे निवडक माणसांवर वापरला जातो आणि तिथेच कंपनीची बाजू लंगडी पडते. शिवाय मत मांडणं हा मुळात गैरप्रकार नाहीच.

एकच विषय घेऊन तपासू. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम करताना झाडं तोडायची की नाही, यावरून २०२५ च्या अखेरीस नाशिकमध्ये मोठा वाद पेटला. घराघरात दोन मतं होती. समजा आपल्या तीन टेक्निशियननी तीन स्टेटस टाकली.

पहिल्याने लिहिलं: “तपोवनातली झाडं तोडू नका, साधुग्रामला दुसरी जागा बघा.” मागे झाडाचा फोटो. यात कंपनीचा काहीही संबंध नाही. मालकाचं मत उलट असलं तरी नाही.

दुसऱ्यानेही हेच लिहिलं, पण ग्राहकाच्या गच्चीवर, कंपनीचा टी-शर्ट घालून, मागे नुकती बसवलेली पॅनेलं दिसतील असा सेल्फी काढून. मत तेच, पण आता बघणाऱ्याला वाटतं की कंपनीच या बाजूची आहे, आणि ज्याचं घर आहे तोही आहे. इथे नियम मोडला. मोठा गुन्हा नाही. स्टेटस काढायला सांगायचं, कारण समजावायचं, विषय संपला.

तिसऱ्याचं मत दुसऱ्या बाजूचं. त्याने लिहिलं: “झाडांसाठी रडणारे सगळे ढोंगी. यांच्या सोसायट्या पाडा, म्हणजे अक्कल येईल.” टी-शर्ट नाही, लोगो नाही. पण नंबर ग्राहकांकडे आहे आणि ग्राहक सोसायट्यांतच राहतात. इथे अडचण मतात नाही. ती समोरच्याला केलेल्या शिवीगाळीत आणि धमकीच्या भाषेत आहे.

म्हणजे तपासायला दोनच प्रश्न पुरतात. बघणाऱ्याला हे कंपनीचं म्हणणं वाटेल का? आणि मत बाजूला ठेवलं तरी भाषा अशी आहे का, की ज्यांना उद्देशून ती वापरली ती माणसं या माणसाला घरात घ्यायला कचरतील? मत कोणत्या बाजूचं, हा तिसरा प्रश्न विचारायचाच नाही. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर मजकूर उलटा करून बघा. तीच शिवीगाळ तुमच्या आवडत्या बाजूने झाली असती तर तुम्ही नोटीस दिली असती का? उत्तर ‘नाही’ येत असेल तर नोटीस देऊ नका.

कायदा कुठवर साथ देतो

थोडक्यात सांगतो, कारण छोट्या कंपनीला इथे नको तेवढी भीती किंवा नको तेवढा दिलासा वाटत असतो.

घटनेच्या कलम १९ मधलं अभिव्यक्तीस्वातंत्र्य मुख्यतः सरकारने गदा आणू नये यासाठी आहे. खासगी कंपनी नोकरीच्या अटीत वागणुकीचे नियम घालू शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं, तरी अजून काही नमुना पॉलिसींत ते सापडतं. तुमच्या कागदात असेल तर खोडा. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आणि गटागटांत तेढ वाढवण्याचा कलम १९६ मध्ये आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे आकडे असलेला मसुदा दिसला, तर तो १ जुलै २०२४ च्या आधीचा आहे असं समजा.

“मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं” हा बचाव चालतोच असं नाही. महिला पत्रकारांबद्दलची अपमानकारक पोस्ट पुढे पाठवणाऱ्या तमिळ अभिनेत्यावरचे खटले रद्द करायला मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. हे उदाहरण बैठकीत सांगा, लोकांच्या लक्षात राहतं.

आणि मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, पगारवाढीच्या वादाच्या काळात कंपनीविरुद्ध फेसबुकवर चिथावणीच्या पोस्ट टाकणाऱ्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरवली. पण त्यावरून ‘पोस्ट टाकली की काढता येतं’ असा अर्थ काढू नका. तिथे आरोपपत्र होतं, चौकशी झाली होती, आणि पोस्ट थेट कंपनीवर होत्या. तपोवनावरच्या स्टेटसला तो निकाल लावायला गेलात तर तोंडावर पडाल.

कामाच्या अटींचे आणि शिस्तीचे प्रमाणित नियम, म्हणजे स्थायी आदेश, ठेवण्याचं बंधन औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आहे. चोवीस माणसांच्या कंपनीकडे ते नसतात. म्हणून तुमचा आधार दोनच कागद: नेमणूकपत्र आणि त्यात उल्लेख केलेली ही पॉलिसी. नेमणूकपत्रात एक ओळ हवीच, की कंपनीचे वर्तनविषयक लेखी नियम नोकरीच्या अटींचा भाग आहेत. जुन्या लोकांच्या पत्रात ती नसेल तर नव्या कागदावर सही घ्या. बडतर्फीपर्यंत जायची वेळ आली तर मात्र आधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. ही फी वाचवू नका.

मसुदा: एक पान, साधं मराठी

आता लिहायला बसा. एका पानात बसलं पाहिजे. सुरुवात ‘काय करता येईल’ इथून करा. हा भाग जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत राहून जातो आणि त्याच्याशिवाय बाकीचं सगळं तोंड बंद करण्यासारखं वाचलं जातं. मी असं लिहितो:

> आपलं मत, धर्म, पक्ष, मतदान, संघटना हा आपला स्वतःचा प्रश्न आहे. स्वतःच्या नावाने, कंपनीचं नाव न जोडता, आपण काय मत मांडता यात कंपनी पडणार नाही. पगार, कामाचे तास, सुरक्षितता याबद्दल सहकाऱ्यांशी बोलणं, कामगार कार्यालय, पोलीस किंवा लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या समितीकडे जाणं यावर या नियमांमुळे कोणतीही बंदी येत नाही.

शेवटचं वाक्य काढून टाकायचा मोह मालकाला हमखास होतो. काढू नका. तक्रार दाबायला पॉलिसी वापरली असा आरोप झाला, तर हेच वाक्य तुम्हाला वाचवतं. दहा किंवा अधिक माणसं असतील तर तक्रार समिती कायद्यानेच लागते, तेव्हा त्यांच्या नावांचा कागद भिंतीवर असला पाहिजे, नाहीतर हे वाक्य पोकळ ठरतं.

मग नियम. आपल्या सोलर कंपनीला चार पुरतात.

> १. कंपनीचा टी-शर्ट, आयकार्ड, गाडी, ऑफिस, ग्राहकाची जागा किंवा कंपनीचा नंबर दिसत असेल अशा फोटो, व्हिडिओ, स्टेटसवर राजकीय, धार्मिक, जातीय किंवा शहरातल्या वादाच्या विषयावर मत टाकू नये.
>
> २. ग्राहकाचं घर, बिल, नाव, पत्ता, बोलणं यातलं काहीही खासगी खात्यावर टाकू नये. कामाचा फोटो हवा असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर टाकावा. ग्राहकाची लेखी परवानगी घेऊन ऑफिसच तो कंपनीच्या पानावर टाकेल.
>
> ३. कोणत्याही व्यक्तीला किंवा समाजाला उद्देशून शिवीगाळ, धमकी, जात-धर्म-लिंगावरून हिणवणं, किंवा माहिती खोटी असल्याचं माहीत असूनही ती पसरवणं, हे ग्राहकांना किंवा सहकाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी केल्यास तो नियमभंग धरला जाईल. फॉरवर्ड आणि शेअरही यात येतात.
>
> ४. कंपनीबद्दल कोणी वाईट लिहिलं तर आपण उत्तर देऊ नये. स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी ऑफिसला पाठवावा.

दुसरा नियम जास्त वेळ घेऊन समजावा. टेक्निशियनला स्वतःच्या कामाचा अभिमान असतो, तो फोटो टाकणारच. फोटोच्या कोपऱ्यात महावितरणचं बिल पडलेलं असतं, त्यावर ग्राहकाचं नाव, पत्ता आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक. किंवा मागे उघडं कपाट, वाळत घातलेले कपडे. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण ग्राहकाचा राग अगदी योग्य असतो. म्हणून नुसतं ‘टाकू नका’ न म्हणता ऑफिसच्या ग्रुपचा रस्ता दिलाय. चांगला फोटो दिसला की तो टेक्निशियनच्या नावानिशी कंपनीच्या पानावर टाका. मग तो नियम जड वाटत नाही.

चौथा नियम बरेच जण उलटा वाचतात. पोरं इमानदारीने कंपनीची बाजू घेतात आणि एक स्टार देणाऱ्या ग्राहकाखाली “तुमचंच बिल थकलंय” लिहून मोकळी होतात. निष्ठेपोटी झालेली ही आगळीक सगळ्यात महागात पडते. त्याच ओघात सांगतो: आपल्याच माणसांकडून गुगलवर पाच-पाच स्टार टाकून घेणंही बंद करा. ग्राहकाला आडनावांवरून कळतं.

‘माझी मतं वैयक्तिक आहेत’ ही ओळ बायोत टाकायची का, असं विचारतात. लिंक्डइनवर, जिथे कंपनीचं नाव लपवता येत नाही, तिथे टाका. व्हॉट्सअॅपवर तिचा उपयोग नाही. आणि शिवीगाळीच्या डोक्यावर ती ओळ लावली म्हणून शिवी वैयक्तिक होत नाही.

मसुदा घासून बघा

नियम लिहून झाले की लगेच सह्या घेऊ नका. आठ नमुना स्टेटस तयार करा, काही उघड चुकीची, काही बरोबर, काही मधली. तपोवनाची ती तीन घाला. त्यात “आमच्या कंपनीत दिवाळी बोनस अजून नाही” असंही एक घाला. वेगवेगळ्या कामांतल्या पाच जणांना मसुदा आणि ही आठ स्टेटस द्या, प्रत्येकाने एकट्याने ‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ लिहायचं. मालकानेही वेगळं लिहायचं.

सगळ्यांची उत्तरं जिथे जुळतात तिथला नियम नीट लिहिला गेलाय. जिथे दोन-तीन बाजू पडतात तिथे माणसं चुकत नाहीत, वाक्य ढिलं आहे. “कंपनीची प्रतिमा मलीन होईल असे कोणतेही वर्तन” हे वाक्य या चाचणीत दर वेळी आपटतं, कारण मलीन म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. ते काढा आणि त्याजागी दिसणारी गोष्ट लिहा: टी-शर्ट, गाडी, बिल, शिवी.

बोनसच्या स्टेटसवर मालक आणि कामगार हटकून वेगळं लिहितात. तिथे मी मालकाशी वेगळं बोलतो. बोनस खरंच थकला असेल तर ती तक्रार आहे, आणि ती स्टेटसवर आली याचा अर्थ ऑफिसात ऐकणारं कोणी नाही. तिला नियम लावायचा नाही, बोनसची तारीख सांगायची.

प्रकरण घडलं की: पहिली रात्र आणि पुढचा आठवडा

पुन्हा तिसरा टेक्निशियन. मंगळवारी रात्री आठला त्याचं ‘सोसायट्या पाडा’चं स्टेटस. नऊला एका ग्राहकाने स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: “ही माणसं आपण घरात घेतो?” खाली कंपनीचं नाव. दहाला मालकाला पहिला फोन.

त्या रात्री चारच कामं. स्क्रीनशॉट मागवून घ्या, त्यावर तारीख, वेळ आणि कोणाकडून आला ते लिहून ठेवा. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, मग पुरावा उरत नाही. ज्या फोनवर मूळ दिसलं तो फोन कोणाचा हेही नोंदवा. प्रकरण कोर्टात गेलंच, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मग टेक्निशियनला फोन करा, शांतपणे स्टेटस काढायला सांगा, आणि ग्रुपवर जाऊन कुणाशी वाद घालू नको म्हणून बजावा. फोनवर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणू नका. हे वाक्य रागात निघतं आणि पुढे चौकशीआधीच निर्णय झाला होता याचा पुरावा म्हणून वापरलं जातं. त्यानंतर तक्रार करणाऱ्या ग्राहकाला मालकाने स्वतः फोन करायचा. आणि शेवटी, ग्रुपवर टाकायला एक छोटा मजकूर:

> नमस्कार. आमच्या एका सहकाऱ्याने खासगी स्टेटसवर टाकलेला मजकूर आपण पाहिलात. त्यातली भाषा आम्हाला मान्य नाही आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या नियमांप्रमाणे आम्ही यात लक्ष घातलं आहे. आपल्या कामाबद्दल काही अडचण असल्यास थेट मला फोन करावा.

यात टेक्निशियनचं नाव नाही, कारवाई काय होणार ते नाही, आणि तपोवनाबद्दल कंपनीचं मत तर नाहीच नाही. तिन्ही मुद्दाम वगळलेत. नाव दिलं तर तो माणूस गर्दीच्या तोंडी पडतो, उद्या त्याच्या घरी कोणी गेलं तर जबाबदारी तुमच्यावर येते. “त्याला कामावरून काढलं” असं घाईने जाहीर केलं, तर पुढच्या दिवशी दुसरा गट त्याच्यासाठी उभा राहतो. मग कंपनी दोन्हीकडून मार खाते.

बुधवारी लेखी विचारणा. कोणता मजकूर, कधीचा, कोणता नियम, हे तिन्ही लिहायचं आणि खुलाशाला निदान दोन कामाचे दिवस द्यायचे. त्याचं म्हणणं खरोखर वाचा. खातं दुसऱ्याने वापरलं असेल, स्क्रीनशॉट बनावट असेल, अर्धंच वाक्य कापलेलं असेल. बनावट स्क्रीनशॉट करायला आता शाळकरी पोरालाही पाच मिनिटं पुरतात. म्हणून एकाच फोनवरच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, स्टेटस पाहिलेला दुसरा ग्राहक किंवा सहकारी शोधा.

निर्णय तक्रार करणाऱ्याने किंवा त्याच्या थेट सुपरवायझरने घ्यायचा नाही. छोट्या कंपनीत माणसं कुठून आणायची, हा प्रश्न येतो. बाहेरचा एखादा माणूस, तुमचे सीए किंवा सल्लागार, पॉलिसीत आधीच नाव घालून ठेवा. शिक्षेच्या पायऱ्या पॉलिसीतच लिहिलेल्या असाव्यात: समज, लेखी ताकीद, काही काळ ग्राहकांकडे न पाठवणं, आणि गंभीर किंवा वारंवार घडलं तर चौकशीनंतर पुढची कारवाई. आपल्या टेक्निशियनचा खुलासा आला की स्टेटस त्याचंच, रागात टाकलं, चूक मान्य. पहिलीच वेळ, कोणा व्यक्तीचं नाव नाही, स्वतःहून काढलं. मी इथे लेखी ताकीद आणि महिनाभर त्या भागातल्या घरांवर न पाठवणं एवढंच सुचवेन. कामाची जागा बदलताना पगार कापू नका. तो कापला की ती वेगळी शिक्षा होते आणि तिचे वेगळे नियम आहेत.

हे सगळं तारखांसह एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचं असंच प्रकरण आलं, तर शिक्षा ठरवताना ही फाइल आधी उघडायची. सारख्या चुकीला सारखी शिक्षा दिली होती का, हे तिथेच कळतं.

आणि मालक?

आता अवघड भाग. चोवीस माणसांच्या कंपनीत ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे मालकच. त्यांच्या फेसबुकवर कंपनीचं उद्घाटन, पुरस्कार, ग्राहकांसोबतचे फोटो, आणि त्याच भिंतीवर आमदाराला शुभेच्छांचा बॅनर आणि विरोधी पक्षाला टोमणे. टेक्निशियनला ताकीद देताना तो हेच दाखवतो आणि मग मालकाला त्याच्याकडे बोट दाखवायला तोंड उरत नाही.

म्हणून पॉलिसीच्या शेवटी ‘हे नियम मालक, भागीदार आणि त्यांच्या कुटुंबातल्या कंपनीत काम करणाऱ्यांनाही लागू आहेत’ ही ओळ घाला. घरचं माणूस पान चालवत असेल तर त्यालाही. ही ओळ ऐकून जो मालक हसतो, त्याच्याकडे मी पॉलिसीचं काम घेत नाही. मालकाला राजकारणात रस असेल तर बिनधास्त असावा, फक्त कामाचे फोटो कंपनीच्या पानावर आणि मतं स्वतःच्या खात्यावर अशी फारकत करावी. आधीच्या मिसळलेल्या पोस्ट महिनाभरात हळूहळू आवरल्या तरी चालतं.

सह्या

पॉलिसी मेलवर पाठवून ‘वाचली’ धरू नका. शनिवारी काम आटोपल्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा, प्रत्येक नियमाला एक खोटं स्टेटस दाखवून ‘चालेल का?’ विचारा. पंचेचाळीस मिनिटं लागतात. टीममध्ये बिहार-उत्तर प्रदेशची मुलं असतील तर हिंदी प्रत वेगळी करा आणि तीही वाचा. सही घेताना माणूस ज्या भाषेत वाचतो त्याच भाषेतल्या प्रतीवर घ्या. नाहीतर उद्या “मला कळलंच नव्हतं” म्हणायला जागा राहते, आणि ते खरंही असतं.

प्रतीवर वर आवृत्ती आणि तारीख टाका, एक प्रत कर्मचाऱ्याला द्या, एक त्याच्या फाइलला लावा. मालकाची सही पहिली. त्याच दिवशी कंपनीच्या फेसबुक पानाचे आणि गुगल प्रोफाइलचे अॅडमिन कोण आहेत ते बघून घ्या. नोकरी सोडून गेलेल्या कोणाचं तरी नाव तिथे सापडण्याची शक्यता बरीच आहे, तर ते तिथल्या तिथे काढा आणि किमान दोन चालू माणसांची नावं ठेवा. पॉलिसी पुढे कधी काढून वाचायची, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणि सिंहस्थाची कामं शहरात जोरात सुरू झाली की. या काळात आठ नमुना स्टेटस नवी करून पुन्हा दहा मिनिटं बसायचं, कारण जुनी उदाहरणं लोकांना पाठ झालेली असतात आणि नवा वाद वेगळ्याच वाटेने येतो.